दप्तर कंपनीचे, कपाट सल्लागाराचे

भोसरी, अंबड, वाळूज किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या खासगी मर्यादित कंपनीत जाऊन ‘तुमचे सभासद रजिस्टर दाखवता का?’ असे विचारले, तर ठरलेले उत्तर मिळते, ‘ते आमच्या सीएसकडे असते.’ हिशेबाच्या वह्या, कामगारांची हजेरी, यंत्रांची बिले सगळे कार्यालयात असते. पण कंपनीचे मालक कोण आणि कुणाचे किती शेअर, हे ज्या वहीत लिहिले जाते ती वही शहरातल्या कुणा कंपनी सेक्रेटरीच्या किंवा कंप्लायन्स सल्लागाराच्या कपाटात असते. संबंध चांगले असतात तोवर यात कुणाला वावगे वाटत नाही. महिन्याचा रिटेनर थांबवून दुसऱ्या सेक्रेटरीकडे काम द्यायचे ठरते, तेव्हा मात्र आपले काय काय त्या कपाटात आहे याची यादीसुद्धा आपल्याकडे नाही, हे संचालकांच्या लक्षात येते.

भरणा झालेले भागभांडवल दहा कोटी रुपये किंवा त्याहून जास्त असलेल्या खासगी कंपनीला पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी नेमावाच लागतो. त्याखालच्या कंपन्या हे काम बाहेरच्या व्यावसायिकाकडून ठरावीक मासिक किंवा वार्षिक मोबदल्यावर करून घेतात. पूर्णवेळ सेक्रेटरी गेला तर निबंधकांकडे फॉर्म भरावा लागतो आणि सहा महिन्यांत जागा भरावी लागते. वैधानिक लेखापरीक्षक बदलण्याची पद्धत तर आणखी वेगळी आहे. रिटेनरवरच्या सल्लागाराच्या बाबतीत असे काही नाही. तो करार आहे, आणि करारातल्या अटीनुसार नोटीस देऊन संपवता येतो. अवघड जाते ते दप्तर परत घेणे, आणि हा लेख त्याबद्दल आहे.

वही कुठे असावी, जबाबदार कोण

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८८ नुसार प्रत्येक कंपनीने सभासद रजिस्टर ठेवायचे असते. त्याचा नमुना एमजीटी-१. कलम ९४ सांगते की ते कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात असावे. एकूण सभासदांपैकी एक दशांशाहून अधिक जण जिथे राहतात अशा भारतातल्या दुसऱ्या ठिकाणी ते ठेवता येते, पण त्यासाठी सभासदांनी विशेष ठराव करावा लागतो. संचालकांचे रजिस्टर, कर्जतारणाच्या बोज्यांचे रजिस्टर, संचालकांचे हितसंबंध असलेल्या करारांचे रजिस्टर, दिलेल्या कर्जांचे आणि हमींचे रजिस्टर यांची जागाही नोंदणीकृत कार्यालयच. सर्वसाधारण सभेची इतिवृत्ते तिथेच राहतात. संचालक मंडळाच्या इतिवृत्तांसाठी मंडळ दुसरी जागा ठरवू शकते.

सल्लागाराच्या कार्यालयाचा उल्लेख यात कुठेच नाही. नियमांनुसार सभासद रजिस्टर कंपनी सेक्रेटरीच्या किंवा मंडळाने अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या ताब्यात राहते. बहुतेक छोट्या कंपन्यांत असा अधिकार कुणालाही दिलेला नसतो. सोय म्हणून एकदा वही सल्लागाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

रजिस्टर ठेवले नाही तर कंपनीला तीन लाख रुपये आणि कसूर करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला पन्नास हजार रुपये दंड आहे. लहान कंपन्यांना यात सवलत मिळते. पण दंड भरायचा तो कंपनीने आणि संचालकांनी, सल्लागाराने नव्हे. ‘आम्ही सगळे त्यांच्यावर सोपवले होते’ हे उत्तर निबंधकांपुढे चालत नाही.

पत्र पाठवण्याआधी

पहिला प्रश्न वेळेचा. सप्टेंबरच्या तीस तारखेला वार्षिक सभा झाली, तर ताळेबंदाचा एओसी-४ फॉर्म तीस दिवसांत आणि वार्षिक विवरणपत्राचा एमजीटी-७ साठ दिवसांत भरायचा असतो. छोट्या कंपनीसाठी तेच विवरणपत्र एमजीटी-७ए या नमुन्यात असते. म्हणजे नोव्हेंबरअखेरपर्यंत सल्लागार आणि कंपनी दोघेही गळ्यापर्यंत कामात असतात. त्या काळात रिटेनर तोडला तर अर्धवट फॉर्म कुणाच्या हातात आहे हेच कळेनासे होते. उशीर झाला की या दोन्ही फॉर्मना रोज प्रत्येकी शंभर रुपये जादा शुल्क पडते आणि त्याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही फॉर्म नव्वद दिवस रखडले तर अठरा हजार रुपये नुसते उशिराचे. म्हणून वार्षिक भरणा आटोपून पोचपावत्या हातात आल्यावर, डिसेंबर ते मार्च या काळात बदल करणे सगळ्यांच्याच सोयीचे.

दुसरे काम, आपल्याजवळ काय असायला हवे हे आधी स्वतः पाहणे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर View Public Documents या सुविधेत एका कंपनीसाठी शंभर रुपये भरले की त्या कंपनीने निबंधकांकडे भरलेले फॉर्म आणि त्यांची जोडपत्रे पाहता येतात. तिथून स्थापनेपासूनचे सगळे फॉर्म उतरवून घ्यावेत. शेअर वाटपाचे पीएएस-३, संचालक आल्यागेल्याचे डीआयआर-१२, कर्जाच्या बोज्यांचे सीएचजी-१, वार्षिक विवरणपत्रे, सगळे. प्रत्येक फॉर्मची तारीख आणि सेवा विनंती क्रमांक, म्हणजे एसआरएन, एका कागदावर वर्षवार मांडावे. नंतर सल्लागाराकडून दप्तर आले, की हा कागद पडताळणीच्या कामी येतो.

पण या सुविधेची मर्यादा लक्षात ठेवावी. निबंधकांकडे फक्त भरलेले कागद असतात. सभासद रजिस्टर, संचालक मंडळाची इतिवृत्ते, हजेरीपत्रके, संचालकांनी दरवर्षी दिलेले हितसंबंधाचे जाहीरनामे आणि शेअर हस्तांतराचे मूळ एसएच-४ फॉर्म पोर्टलवर नसतात. ते हरवले तर सरकारकडून परत मिळत नाहीत. त्यामुळे परत घ्यायच्या यादीत हेच कागद सर्वांत वर हवेत.

तिसरे, संचालक मंडळाची सभा घेऊन ठराव करावा. अमुक तारखेपासून सल्लागाराची सेवा थांबवण्यात येत आहे, अमुक संचालकाने कंपनीची सर्व रजिस्टरे आणि कागदपत्रे ताब्यात घ्यावीत, आणि यापुढे ती त्यांच्या ताब्यात नोंदणीकृत कार्यालयात राहतील, असा. हा ठराव हातात असला, की समोरच्यालाही दप्तर कुणाकडे सोपवायचे याची शंका राहत नाही. भावाभावांत वाद असलेल्या कंपन्यांत तर याची फार गरज असते. एका भावाने येऊन वह्या नेल्या आणि दुसऱ्याने जाब विचारला, या भीतीने प्रामाणिक सेक्रेटरीसुद्धा हात आखडता घेतो.

पत्रात काय लिहावे

सल्लागाराला पत्राआधी प्रत्यक्ष भेटून सांगावे. ही केवळ सभ्यता नव्हे. कंपनी सेक्रेटरी कायदा, १९८० नुसार आधीच्या सेक्रेटरीला लेखी कळवल्याशिवाय त्याची जागा स्वीकारणे हे व्यवसाय करणाऱ्या सेक्रेटरीसाठी गैरवर्तन ठरते. म्हणजे नवा सेक्रेटरी जुन्याला पत्र पाठवणारच. त्या पत्रातून बातमी कळण्यापेक्षा आपल्या तोंडून कळलेली बरी.

मग पत्र. सूर साधा असावा, आरोप नसावेत, आणि यादी मात्र नेमकी असावी. उदाहरणार्थ :

‘आपण स्थापनेपासून आमच्या कंपनीचे कंपनी कायद्याचे काम पाहिलेत, त्याबद्दल संचालक मंडळ आपले आभारी आहे. आपल्या नियुक्तिपत्रातील अटीनुसार एक महिन्याची नोटीस देऊन ही सेवा ३१ जानेवारीपासून थांबवत आहोत. सोबतच्या यादीतील रजिस्टरे, इतिवृत्त पुस्तके, मूळ कागदपत्रे आणि संचालकांची डिजिटल स्वाक्षरीची टोकन्स त्या तारखेपर्यंत आमचे संचालक यांच्याकडे सोपवावीत. यादीतील एखादी गोष्ट आपल्याकडे नसेल किंवा ठेवली गेली नसेल, तर तसे लेखी कळवावे. आपले बिल त्याच भेटीत चुकते करू. आपल्या नोंदीसाठी हव्या त्या प्रती आपण ठेवून घ्याव्यात.’

यातली दोन वाक्ये विशेष कामाची. ‘ठेवली गेली नसेल तर कळवावे’ या वाक्याने सल्लागाराला खरे सांगायला वाट मिळते. आणि प्रती ठेवायला मोकळीक दिली की त्याची रास्त काळजी मिटते. त्याने स्वतः प्रमाणित केलेल्या फॉर्मबद्दल उद्या त्याला विचारणा होऊ शकते, तेव्हा आधाराला प्रती लागतात. त्याची स्वतःची टिपणे आणि मसुदे हे त्याचेच. कंपनीचे काय, तर रजिस्टरे, सह्या झालेली इतिवृत्ते, मूळ दाखले, शेअर प्रमाणपत्रे, वापरलेली आणि कोरी, हस्तांतराचे फॉर्म, भरलेल्या फॉर्मच्या प्रती, चलने आणि टोकन्स.

टेबलावर बसून ताबा

दप्तर शिपायाकडून किंवा कुरिअरने मागवू नये. दोन्ही बाजूंनी समोरासमोर बसून एकेक वही उघडावी आणि यादी तिथेच लिहावी. ‘कंपनी सेक्रेटरीची फाइल, १ नग’ अशी नोंद निरुपयोगी. नोंद अशी हवी :

‘सभासद रजिस्टर, एमजीटी-१, बांधीव, छापील पाने १ ते १००. नोंदी पान १ ते ५ वर. पान ६ पासून कोरी. पान ३ वर एक खाडाखोड, सही नाही.’

‘संचालक मंडळाचे इतिवृत्त पुस्तक, सुटी पाने बांधलेली, पाने १ ते ८४. शेवटची सभा ४ सप्टेंबर. पान ६१ ते ६४ वर अध्यक्षांची सही नाही.’

अशी यादी दोन प्रतींत करावी, दोघांनी प्रत्येक पानावर सही करावी. पोचपावतीत ‘सर्व कागदपत्रे मिळाली’ असे कधीही लिहून देऊ नये. ‘यादीप्रमाणे मिळाली, अनुक्रमांक ७ व ११ मिळाले नाहीत’ असे लिहावे. हे एक वाक्य पुढे अनेक वर्षे कामाला येते.

चालू कामांची वेगळी यादी मागावी. विशेषतः, निबंधकांनी त्रुटी काढून परत पाठवलेला एखादा फॉर्म आहे का? त्याची दुरुस्ती पंधरा दिवसांत करावी लागते, नाहीतर तो फॉर्म बाद होतो. त्याची सूचना ई-मेलने येते, आणि तो ई-मेल अनेकदा सल्लागाराचा असतो. नोटिशीच्या महिन्यात अशी सूचना येऊन पडली आणि कुणी पाहिलीच नाही, तर फॉर्म भरल्याच्या समजुतीत कंपनी राहते आणि उशिराचे शुल्क वाढत जाते.

आता नाजूक मुद्दा. कधी कधी रजिस्टर मागितल्यावर सल्लागार दोन आठवड्यांची मुदत मागतो, आणि दोन आठवड्यांनी दहा वर्षांची वही अगदी कोरी करकरीत येते. याचा अर्थ ती कधी लिहिलीच गेली नव्हती. ओळखायला फार कष्ट लागत नाहीत. दहा वर्षांच्या नोंदी एकाच शाईत आणि एकाच हाताच्या असतात. २०१६ च्या इतिवृत्तात २०२० मध्ये बदललेला पत्ता असतो. जो संचालक २०१९ मध्ये आला, त्याची हजेरी २०१७ च्या सभेत लागलेली असते. पोर्टलवरून केलेला वर्षवार कागद शेजारी ठेवला की ही विसंगती लगेच दिसते.

अशा वेळी सल्लागार म्हणतो, ‘साहेब, अध्यक्षांच्या एवढ्या सह्या करून द्या, मग सगळे पूर्ण.’ त्या सह्या मागच्या तारखांनी करू नयेत. सभेचे इतिवृत्त तीस दिवसांच्या आत लिहून त्यावर सही आणि तारीख घालायची असते. दहा वर्षांपूर्वीच्या तारखेची सही आज करणे म्हणजे खोटा पुरावा तयार करणे, आणि सही संचालकाची असल्याने अडकणारही तोच. रजिस्टर ठेवले नव्हते तर ते आज, आजच्या तारखेने, उपलब्ध कागदांवरून तयार केले, असे मंडळाच्या ठरावात सरळ नमूद करावे. झालेल्या कसुरीचे काय करायचे, हे नव्या सेक्रेटरीच्या लेखी सल्ल्याने ठरवावे.

पडताळणीचे एक उदाहरण

एक कल्पित उदाहरण घेऊ, त्यातली अडचण मात्र नेहमीची आहे. २०१४ मध्ये वडील आणि दोन मुलगे मिळून कंपनी काढतात. दहा रुपयांचा एक, असे एक लाख शेअर. वडिलांचे साठ हजार, क्रमांक १ ते ६०,०००. मुलांचे प्रत्येकी वीस हजार. २०१९ मध्ये एका भागीदाराला पन्नास हजार नवे शेअर दिले जातात. २०२१ मध्ये वडील आपल्यातले वीस हजार शेअर मुलीला देतात. निदान घरात सगळे तसे मानतात.

दप्तर परत घेताना तीन गोष्टी शेजारी ठेवायच्या. सभासद रजिस्टर, पोर्टलवरून उतरवलेले फॉर्म आणि घरातली शेअर प्रमाणपत्रे. २०१४ ची नोंद घटनापत्राशी जुळते. २०१९ चे वाटप पीएएस-३ फॉर्मशी जुळते. क्रमांक १,००,००१ ते १,५०,०००, प्रमाणपत्र क्रमांक ४, सगळे बरोबर. पुढे मात्र गाडी अडते. २०२१-२२ च्या वार्षिक विवरणपत्रात वडिलांचे चाळीस हजार आणि मुलीचे वीस हजार शेअर दाखवले आहेत. रजिस्टरमध्ये वडिलांच्या पानावर अजून साठ हजारच आहेत आणि मुलीच्या नावाचे पानच नाही. प्लॅस्टिकच्या एका फोल्डरात एसएच-४ फॉर्म सापडतो. त्यावर वडिलांची सही आहे, मुलीची नाही, मुद्रांक नाही. वडिलांचे साठ हजारांचे मूळ प्रमाणपत्र त्याच फोल्डरात, त्यामागे हस्तांतराचा शेरा नाही. मंडळाचा ठराव तर नाहीच.

म्हणजे सल्लागाराने फॉर्म अर्धवट ठेवला आणि वार्षिक विवरणपत्र मात्र काम पुरे झाल्यासारखे भरले. कायद्याच्या दृष्टीने सभासद रजिस्टर हा सकृद्दर्शनी पुरावा असतो. हस्तांतराचा फॉर्म दोन्ही पक्षांच्या सह्यांनिशी, मुद्रांकासह, त्यावरच्या तारखेपासून साठ दिवसांत शेअर प्रमाणपत्रासह कंपनीकडे यावा लागतो. हा फॉर्म तसा आलाच नाही. त्यामुळे ते वीस हजार शेअर आजही वडिलांचेच आहेत.

आज वडील हयात आहेत, तेव्हा उपाय सोपा आहे. आजच्या तारखेचा नवा एसएच-४ भरायचा, वडील आणि मुलगी दोघांनी सही करायची, लागू असेल ते मुद्रांक शुल्क भरायचे, मूळ प्रमाणपत्रासह तो कंपनीकडे द्यायचा. मंडळाने सभेत हस्तांतर मंजूर करायचे. जुने प्रमाणपत्र रद्द करून वडिलांना क्रमांक १ ते ४०,००० चे आणि मुलीला ४०,००१ ते ६०,००० चे नवे प्रमाणपत्र महिन्याच्या आत द्यायचे. रजिस्टरमध्ये नोंद आजच्या मंजुरीच्या तारखेने करायची, २०२१ च्या तारखेने नाही. मधल्या वर्षांची विवरणपत्रे चुकीची गेली आहेत, त्यांचे काय करायचे हे नव्या सेक्रेटरीकडून लेखी घ्यायचे. एक अट आणखी पाहायची. कंपनी ‘लहान कंपनी’च्या व्याख्येत बसत नसेल, तर आता हस्तांतराआधी शेअर डीमॅट करून घ्यावे लागतात. या उदाहरणातली कंपनी लहान आहे असे धरले आहे, म्हणून कागदी प्रमाणपत्रावर भागते.

हीच गोष्ट वडिलांच्या पश्चात उघड झाली असती, तर हस्तांतराचा मार्ग बंद झाला असता. प्रश्न वारसांचा झाला असता, आणि भाऊ-बहीण राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे रजिस्टर दुरुस्तीसाठी उभे राहिले असते.

‘आधी बाकी द्या’

दप्तर अडते ते बहुधा बिलावरून. सल्लागार म्हणतो, ‘तीन महिन्यांची बाकी आहे, ती आली की सगळे देतो.’ त्याला दप्तर रोखून धरता येते का?

भारतीय करार कायद्याच्या कलम १७१ नुसार थकबाकीपोटी वस्तू रोखून धरण्याचा सर्वसाधारण हक्क बँका, अडते, गोदीवाले, उच्च न्यायालयाचे वकील आणि विमापत्रांचे दलाल अशा मोजक्यांनाच आहे. इतरांना तो करारात स्पष्ट लिहिला असेल तरच मिळतो. वकिलांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या खटल्यात स्पष्ट केले की पक्षकाराच्या फायली म्हणजे रोखून धरण्याजोग्या ‘वस्तू’ नव्हेत, आणि वकिलाने फीसाठी त्या अडवू नयेत. फीसाठी वेगळा मार्ग आहे. हा निकाल कंपनी सेक्रेटरींबद्दल नाही, पण कागदपत्रे अडवून ठेवण्याकडे न्यायालय कोणत्या नजरेने पाहते हे त्यातून कळते. शिवाय सभासद रजिस्टर तर कंपनीने स्वतःकडे ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

तरीही सल्ला हाच, की ज्या रकमेबद्दल वाद नाही ती ताब्याच्या टेबलावरच चुकती करावी. केलेल्या कामाचे पैसे थकवून आपलेच दप्तर अडकवून घेण्यात न्याय नाही आणि शहाणपणही नाही. वाद असलेल्या रकमेबद्दल लेखी कळवावे आणि तो प्रश्न दप्तरापासून वेगळा ठेवावा.

एवढे करूनही दप्तर मिळाले नाही, तर पुढची पायरी सल्लागार कोण आहे यावर अवलंबून आहे. तो इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडियाचा सदस्य असेल तर संस्थेच्या शिस्तपालन संचालकांकडे तक्रार करता येते. नुसताच ‘कंप्लायन्स सल्लागार’ असेल, कुठल्याच व्यावसायिक संस्थेचा सदस्य नसेल, तर हा मार्ग नाही. तिथे वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा एवढेच उरते. सल्लागार नेमताना हा फरक कुणी विचारात घेत नाही, तो इथे महाग पडतो. कंपनी कायद्याच्या कलम ४५२ मध्ये कंपनीची मालमत्ता अडवणाऱ्यास शिक्षा आहे, असे अनेकांना सांगितले जाते. पण ते कलम कंपनीच्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना लागू होते. रिटेनरवरचा बाहेरचा सल्लागार यांपैकी कुणी नसतो, त्यामुळे त्या कलमावर विसंबू नये.

दरम्यान हातावर हात ठेवून बसू नये. पोर्टलवरचे फॉर्म, सभासदांकडची प्रमाणपत्रे, बँकेत जमा झालेले भांडवल आणि जुन्या ई-मेलमधल्या प्रती यांवरून मंडळाच्या ठरावाने नवे रजिस्टर उभे करावे, आणि मूळ वही कुणाकडे अडकली आहे हे त्याच ठरावात लिहावे.

टोकन आणि ई-मेल

वह्या आल्या तरी कंपनीच्या किल्ल्या सल्लागाराकडे राहू शकतात. डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी टोकन ही संचालकाची सही आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४२ नुसार ती स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची जबाबदारी तिच्या धारकाची. ताब्याच्या दिवशीच टोकन परत घेऊन त्याचा पिन बदलावा. टोकन मिळत नसेल तर ज्या संस्थेने प्रमाणपत्र दिले, तिला कळवून ते रद्द करावे आणि नवे घ्यावे. थोडा खर्च होईल, पण आपली सही दुसऱ्याच्या खणात पडून राहणार नाही.

मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचा आणि प्रत्येक संचालकाचा नोंदलेला ई-मेल आणि मोबाइल कुणाचा आहे हेही पाहावे. स्थापनेच्या गडबडीत सल्लागाराने स्वतःचाच ई-मेल घातलेला असतो, आणि मग निबंधकांच्या नोटिसा वर्षानुवर्षे त्याच्याकडेच जात राहतात. रिटेनर संपल्यावर त्या वाचायला कुणी नसते. नवा सेक्रेटरी आल्यावर त्याच्याकडून सर्वांत आधी हा बदल करून घ्यावा. ई-मेल कंपनीच्या नावाचा असावा, कुणा एका माणसाचा नको.

सल्लागार बदलायचा नसला, तरी या महिन्यात एकदा आपले सभासद रजिस्टर मागवून घ्या. त्यातले प्रत्येक नाव आणि शेअरचा आकडा शेवटच्या वार्षिक विवरणपत्राशी ताडून पाहा, आणि मंडळाच्या पुढच्या सभेत त्याचा ताबा कुणाकडे राहील याचा ठराव करा. सभासद रजिस्टर आणि इतिवृत्ते कायम जपायची असतात. सल्लागार, संचालक, पिढ्या बदलतील. कायद्याने ती सांभाळायची आहेत कंपनीने, तिच्या स्वतःच्या कार्यालयात.